सिमेंट भरताना बीपी का कोसळतं? खुब्याच्या ऑपरेशनमधली अवघड दहा मिनिटं

आमच्याकडे जळगाव-धुळे पट्ट्यात कुणाची म्हातारी आजी बाथरूममध्ये घसरली की गावभर एकच वाक्य ऐकू येतं, "खुब्याचं हाड मोडलं, आता गोळा बदलावा लागेल." आणि चार-सहा महिन्यांत एखादी तरी अशी बातमी येतेच की ऑपरेशन नीट चाललं होतं, सिमेंट टाकलं आणि पेशंट टेबलावरच गेला. मग पारावर, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुरू होतं, सिमेंटची रिअ‍ॅक्शन आली, डुप्लिकेट सिमेंट वापरलं, भूल जास्त झाली. परवा माझा एक शाळेतला मित्र, केळीवाला, त्यानंच विचारलं, "डॉक्टर, भो, हे बांधकामाचं सिमेंट माणसाच्या हाडात टाकतात का रे?" मी भूलतज्ञ आहे, अशा ऑपरेशनला डोक्याच्या बाजूला बसणारा माणूस, तर त्याला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो.

आधी सिमेंट म्हणजे काय ते

बांधकामाचं सिमेंट नाही, हे एक प्रकारचं प्लास्टिक आहे, अ‍ॅक्रिलिक. एका पाकिटात साधारण 40 ग्रॅम पांढरी पावडर आणि सोबत काचेच्या अँप्युलमध्ये 20 मिली पातळ द्रव येतो. या द्रवाला मोनोमर म्हणतात, वास असा उग्र की अँप्युल फोडली की अख्ख्या ऑपरेशन थिएटरला कळतं. दोन्ही एकत्र कालवलं की आधी पातळ, मग कणकेसारखं, मग दहा-बारा मिनिटांत दगड, आणि हे होताना ते चांगलं गरम होतं. सिस्टर वाडग्यात कालवत असतात आणि सर्जन ग्लोव्हजला चिकटायचं कधी थांबतंय ते बघत असतो. मे महिन्यात एसी नीट चालत नसेल तर हे काम पटापट उरकावं लागतं, कारण उष्णतेनं सिमेंट लवकर आवळतं.

आणि हे चिकटवायचं गोंद नाही बरं का. भिंतीत खुंटी ठोकताना भोक मोठं झालं तर आपण बाजूनं चुना-सिमेंट भरून ती घट्ट करतो, तसं. मांडीच्या हाडाची पोकळ नळी साफ करायची, तिच्यात सिमेंट भरायचं, त्यात धातूचा दांडा रोवायचा, वरती गोळा. दांडा हलू नये एवढंच सिमेंटचं काम. पण ते हाडाच्या बारीक बारीक छिद्रांत शिरलं तरच पकड बसते, म्हणून सर्जन ते दाबून भरतो. हा दाब लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याचीच आहे.

मग बिघडतं कुठं?

हाडाची नळी रिकामी नसते. तिच्यात मज्जा असते, म्हातारपणी तर बहुतेक पिवळी चरबीच, आणि भिंतींतून बारीक शिरा निघतात ज्या थेट हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरांना मिळतात. आता विचार करा, सिरिंज भरली आहे, सुई बंद आहे आणि तुम्ही दट्ट्या दाबताय. आतला माल कुठं जाणार? जिथं फट मिळेल तिथं. सिमेंट आणि दांडा आत जाताना दट्ट्याचंच काम करतात, आणि आत उरलेली चरबी, मज्जा, हाडाचा चुरा, हवेचे बुडबुडे, थोडं सिमेंटसुद्धा, त्या शिरांतून ढकललं जातं. तिथून उजव्या हृदयात आणि तिथून फुप्फुसात.

फुप्फुसाचं काय होतं हे मित्राला त्याच्याच भाषेत सांगितलं. तुझ्या ड्रिपच्या हेडवर फिल्टर आहे, त्याच्या आधी एक प्रेशर गेज आणि नंतर एक. नदीला गाळ आला, फिल्टर चोक झाला, की आधीचा गेज चढतो आणि नंतरचा पडतो, मोटर कण्हायला लागते, आणि तिकडे शेवटच्या ओळीतल्या केळीला पाणीच पोचत नाही. शरीरात अगदी असंच. अंगातून परत आलेलं सगळं रक्त फुप्फुसाच्या बारीक जाळ्यातून जातं, तोच फिल्टर. तो चोक झाला की उजव्या हृदयावरचा दाब चढतो, आणि पलीकडे डाव्या हृदयाला भरायला रक्तच कमी मिळतं, म्हणून हातावरचं बीपी पडतं. शिवाय नुसता कचरा अडकतो असं नाही, तो बघून फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आक्रसतातही, कारण शरीर काही रसायनं सोडतं, म्हणजे फिल्टर चोक आणि वरून कुणीतरी पाइप पण पिळतोय.

आता उजवं हृदय हे मुळात कमी ताकदीचं पंप आहे. फुप्फुसात दाब कमीच असतो, त्यामुळे त्याला जोर लावायची सवयच नाही. अचानक लोड आला की ते फुगतं, आणि दोन्ही पंपांच्या मधली भिंत सामाईक असल्यामुळे फुगलेलं उजवं हृदय डाव्याची जागा खातं, म्हणजे डावं अजून कमी भरतं, बीपी अजून पडतं. आणि खरी मेख पुढे आहे: हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते याच बीपीच्या जोरावर. बीपी पडलं की दमलेल्या उजव्या हृदयाचाच खुराक बंद. मोटरला लोड जास्त आणि व्होल्टेज कमी, आमच्याकडे उन्हाळ्यात मोटरी कशा जळतात ते वेगळं सांगायला नको.

या सगळ्याला बोन सिमेंट इम्प्लांटेशन सिंड्रोम म्हणतात, आम्ही नुसतं बीसीआयएस म्हणतो. सिमेंट भरताना, दांडा बसवताना किंवा गोळा परत खोबणीत बसवताना ऑक्सिजन पडणं, बीपी पडणं, शुद्ध हरपणं, यातलं काहीही. पहिली पायरी म्हणजे ऑक्सिजन 94 टक्क्यांखाली किंवा वरचं बीपी आधीच्यापेक्षा 20 टक्क्यांहून जास्त घसरलं. दुसरी म्हणजे ऑक्सिजन 88 च्या खाली, किंवा बीपी 40 टक्क्यांहून जास्त घसरलं, किंवा पेशंट बेशुद्ध. तिसरी म्हणजे छाती दाबायची वेळ.

पण लोक म्हणतात ती अ‍ॅलर्जी?

खरं सांगू, आधी डॉक्टरांनाही तसंच वाटायचं. तो उग्र वासाचा मोनोमर रक्तात मिसळतो, रक्तवाहिन्या सैल करतो आणि बीपी पाडतो, असा जुना समज. मोनोमर थोडा रक्तात जातो हे खरंय, पण प्राण्यांमध्ये बीपी पाडायला जेवढा लागला त्यापेक्षा पेशंटच्या रक्तात तो फारच कमी सापडतो. आणि सगळ्यात बोलका प्रयोग म्हणजे कुत्र्यांच्या हाडात सिमेंटऐवजी मेण दाबून भरलं तरी तेच बदल दिसले. मेणाची कुठली आलीय रिअ‍ॅक्शन? म्हणजे दोष दाबाचा. अ‍ॅलर्जीसारखी रसायनं काही पेशंटमध्ये वाढलेली सापडतात, ती थोडा हातभार लावत असतील, पण मुख्य चोर तो नाही.

म्हणून "आधी टेस्ट डोस का दिला नाही" या प्रश्नाला अर्थ राहत नाही, दाबाची टेस्ट कातडीवर टोचून होत नसते. काही ठिकाणी सिमेंटआधी अ‍ॅव्हिल आणि हायड्रोकॉर्टिझोन ही अ‍ॅलर्जीची औषधं द्यायची पद्धत आहे, त्यानं हे टळतं असा पक्का पुरावा नाही. दिलं म्हणून निर्धास्त बसणं हे मात्र धोक्याचं.

अजून एक गंमत. अन्ननलिकेतून सोनोग्राफीचा प्रोब घालून उजवं हृदय बघितलं की दांडा आत जाताना आत पांढऱ्या ठिपक्यांचा नुसता पाऊस पडताना दिसतो, आणि तो अशा पेशंटमध्येही दिसतो ज्यांना काहीच त्रास होत नाही. म्हणजे कचरा बहुतेकांच्या फिल्टरवर येतोच, कुणाचा फिल्टर आणि पंप ते सोसतो आणि कुणाचा नाही, एवढाच फरक.

हे होतं किती जणांना?

स्वीडनमध्ये खुबा मोडलेल्या आणि सिमेंट घालून अर्धा सांधा बदललेल्या 1016 पेशंटचा अभ्यास 2014 साली छापून आला. त्यात 100 मधल्या साधारण 21 जणांना पहिल्या पायरीचा त्रास, 5 जणांना दुसऱ्या, आणि 2 पेक्षा थोड्या कमी लोकांना तिसऱ्या पायरीचा. पहिल्या पायरीवाले बहुतेक सुधारतात. पण दुसऱ्या पायरीवाल्यांपैकी 35 टक्के महिनाभरात गेले आणि तिसऱ्या पायरीवाल्यांपैकी 88 टक्के. ज्यांना काहीच झालं नाही त्यांच्यातही 5 टक्के गेले, कारण खुबा मोडणारी माणसं मुळातच वयानं आणि आजारानं थकलेली असतात.

एक केस बघू, मग कळेल

ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत. अमळनेरकडच्या एक आजी, वय 84, वजन 46 किलो. ओट्यावरून पाय घसरला, डाव्या खुब्याची मान मोडली. आयुष्यभर चुलीवर स्वयंपाक, त्यामुळे बिडी न ओढताही फुप्फुसाचा जुना दमा. पायावर सूज येते म्हणून रोज लघवीची गोळी. इकोमध्ये हृदयाचं पंपिंग थोडं कमी आणि फुप्फुसातला दाब थोडा वाढलेला.

हे ऐकूनच भूलतज्ञाच्या डोक्यात घंटा वाजली पाहिजे. कारण फिल्टर आधीच अर्धा चोक आहे, धुरानं, आणि पंपही थकलंय. लघवीची गोळी हा तर स्वीडनच्या अभ्यासात सापडलेला स्वतंत्र धोका, जुना दमा तसाच, वॉर्फेरिन नावाची रक्त पातळ करायची गोळी तशीच, आणि एकूण तब्येत नाजूक असणंही. लघवीची गोळी स्वतः विष नाही, पण जी माणसं ती घेतात त्यांचं हृदय बहुधा अशक्त असतं, आणि शरीर आतून कोरडंही असतं. याशिवाय कॅन्सरनं पोखरून मोडलेलं हाड, ठिसूळ हाड, लांब दांडा, हेही धोक्यातच धरतात.

रात्रीच मी सर्जनला फोन केला, सिमेंट घालायचंय का, घालायचं तर मला आधी सांग. आजींना उपाशी ठेवण्याच्या नादात चौदा तास पाणी नाही असं होऊ दिलं नाही, सलाईन हळूहळू चालू ठेवलं, कारण रिकाम्या टाकीवर मोटर चालवण्यात अर्थ नाही. सकाळी बीपी 150. मनात आकडे मांडून ठेवले, 120 च्या खाली गेलं तर पहिली पायरी, 90 च्या खाली दुसरी. मनगटाच्या धमनीत बारीक सुई टाकून प्रत्येक ठोक्याचं बीपी स्क्रीनवर घेतलं. दंडावरचा पट्टा दर पाच मिनिटांनी मोजणार असेल तर मधली पाच मिनिटं आपण आंधळे, आणि यात पाच मिनिटं म्हणजे खूप झालं. जिथं धमनीची सोय नसते तिथं मी पट्टा दर मिनिटाला लावतो.

कमरेतून भूल दिली, डोस मुद्दाम कमी. बीपी 130 वर टिकलं. सर्जननं मोडका गोळा काढला, नळी खरवडली, आणि मग जे केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं: सलाईनच्या जोरदार फवाऱ्यानं नळी दोन-तीनदा धुतली, पॅकनं पुसून कोरडी केली. चरबी जेवढी बाहेर निघेल तेवढी फुप्फुसात कमी जाणार, साधा हिशोब. खाली बूच बसवलं म्हणजे सिमेंट गुडघ्याकडे उतरत नाही. आत एक बारीक सक्शनची नळी सोडली, हवा आणि रक्त निघून जायला, आणि सिमेंट गननं खालून वर भरत आला. अंगठ्यानं वरून कोंबत गेलं की खाली हवा अडकते आणि तीच शिरेत जाते. नाजूक पेशंटमध्ये फार जोर लावायचा नाही हेही आधीच ठरलं होतं.

कालवायला घेतानाच सर्जन मोठ्यानं म्हणाला, "सिमेंट." मी म्हणालो, "ऐकलं." हे नाटक नाही, ब्रिटनमधल्या भूलतज्ञ, हाडांचे सर्जन आणि वृद्धांचे डॉक्टर यांच्या संघटनांनी 2015 साली मिळून जी सूचना काढली तिच्यात हे असंच स्पष्ट लिहिलंय, सर्जननं सांगायचं आणि भूलतज्ञानं ऐकलं म्हणायचं, आणि बीपी सुरुवातीच्या 20 टक्क्यांच्या आत राखायचं. मी ऑक्सिजन मास्कनं वाढवला, फोन बाजूला, रेडिओ बंद, बीपी उचलणारं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन पंपात भरून शिरेला जोडलेलं, अ‍ॅड्रेनॅलिन पातळ करून सिरिंजमध्ये.

दांडा आत गेला. साधारण मिनिटभर काही नाही. मग आजी, ज्या इतका वेळ नातवाचं नाव घेत पुटपुटत होत्या, एकदम म्हणाल्या, "माले दम लागी ऱ्हायना रे भो." म्हणजे दम लागतोय. मॉनिटरवर अजून काही फार दिसत नव्हतं. कमरेतल्या भुलीत जागा पेशंट हाच सगळ्यात आधी बोंबलणारा अलार्म असतो, हे नव्या पोरांना मी नेहमी सांगतो. पूर्ण बेशुद्ध केलेला पेशंट असता तर पहिली खूण असती श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड एकदम कमी होणं, कारण फुप्फुसात रक्तच पोचत नाही तर तो बाहेर पडणार कुठून.

पुढच्या अर्ध्या मिनिटात ऑक्सिजन 97 वरून 86, बीपी 130 वरून 84. दुसरी पायरी. सर्जनला सांगितलं, तो थांबला. ऑक्सिजन पूर्ण शंभर टक्के, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सुरू, अ‍ॅड्रेनॅलिनचा अगदी छोटा, 10 मायक्रोग्रॅमचा डोस, मग अजून एक. सलाईन धो धो सोडलं नाही. इथं मन फसतं, बीपी पडलं की हात आपोआप सलाईनकडे जातो, पण उजवं हृदय आधीच फुगलेलं, त्यात अजून ओतलं तर ते अजून फुगतं. शंभर मिली देऊन बघायचं, सुधारलं तर ठीक. औषधानं बीपी उचललं की उजव्या हृदयाला पुन्हा खुराक मिळतो, ते सावरतं, चक्र उलटं फिरतं. आजींचं बीपी चार-पाच मिनिटांत 115 वर आलं, ऑक्सिजन 93. पंधरा मिनिटांनी आजी पुन्हा नातवाकडे वळल्या.

फिल्टर उलटा धुवायची सोय शरीरात नाही, पण चरबी मऊ असते, ती हळूहळू जाळ्यातून सरकते आणि आक्रसलेल्या वाहिन्याही सैल पडतात, म्हणून ही पहिली दहा-पंधरा मिनिटं काढून दिली की बरेचसे सावरतात. अर्थात सगळे नाही. छाती दाबूनही न परतलेला पेशंट मी बघितलाय, त्याच्याही बाबतीत तयारी सगळी होती.

पूर्ण भूल दिली असती तर टळलं असतं का?

नाही. कमरेतली चांगली की पूर्ण चांगली याचं बीसीआयएसपुरतं ठाम उत्तर नाही, कारण चूक भुलीच्या प्रकारात नसते. कमरेतल्या भुलीनं बीपी आधीच थोडं खाली येतं, म्हणून ती सिमेंटच्या आधी सावरून घ्यायची. पूर्ण भूल असेल तर नायट्रस ऑक्साइड वायू नाजूक पेशंटला नको, तो हवेच्या बुडबुड्यात शिरून बुडबुडा मोठा करतो.

मग सिमेंट वापरताच कशाला, बिनसिमेंटचा बसवा ना

हा प्रश्न आजींच्या मुलानंच विचारला होता आणि प्रश्न रास्त आहे. बिनसिमेंटचा दांडा मिळतो, तो हाडात ठोकून घट्ट बसवतात. पण म्हातारीचं ठिसूळ हाड, ठोकताना किंवा नंतर पुन्हा पडल्यावर दांड्याच्या बाजूनं तडकतं, आणि ते दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड. ब्रिटनमध्ये 60 वर्षांपुढच्या 1225 पेशंटवर झालेली मोठी चाचणी 2022 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दांड्याभोवती हाड मोडायचं प्रमाण सिमेंटवाल्यांत 0.5 टक्के आणि बिनसिमेंटवाल्यांत 2.1 टक्के, सिमेंटवाल्यांचं जगणंही जास्त बरं, आणि वर्षभरातले मृत्यू सिमेंटवाल्यांत जास्त नव्हते. म्हणजे टेबलावरचा धोका सिमेंटचा खरा, पण वर्षाचा हिशोब मांडला की सिमेंट तोट्यात जात नाही. फारच नाजूक, फुप्फुसातला दाब खूप चढलेला पेशंट असेल तर सर्जन आणि भूलतज्ञ बसून बिनसिमेंटचा विचार करतात, पण तो त्या एका माणसापुरता निर्णय असतो, सरसकट नियम नाही.

आणि ऑपरेशनच नको म्हणून घरी खाटेवर ठेवलं तर? दुखणं, पाठीला जखमा, छातीत कफ, पायात गुठळ्या. त्या वाटेनं जाणारी माणसं टेबलावर जात नाहीत म्हणून त्यांची बातमी होत नाही, एवढंच.

नातेवाइकांनी काय विचारायचं

सिमेंट घालणार आहात का, आणि आमच्या माणसाला या त्रासाचा धोका किती, हे सरळ विचारा. लघवीची, रक्त पातळ करायची, दम्याची, जी काही औषधं चालू असतील त्यांच्या पट्ट्या घेऊन या, "पांढरी गोळी घेते" यावरून आम्हाला काही कळत नाही. जिना चढताना दम लागायचा का, उशा किती घेऊन झोपतात, हेही सांगा. आणि ऑपरेशननंतर एक रात्र आयसीयूत ठेवू म्हटलं तर ते बिल वाढवायला म्हटलंय असं लगेच धरू नका, अशा पेशंटचा ऑक्सिजन नंतर काही तास पुन्हा पडू शकतो.

आजी एक रात्र आयसीयूत होत्या, तिसऱ्या दिवशी वॉकर धरून उभ्या राहिल्या. नातू एक्स-रे खिडकीसमोर धरून बघत होता, दांड्याभोवतीचा पांढरा पट्टा दाखवून म्हणाला, हेच का ते सिमेंट? तेच. पावडरमध्ये बेरियम मिसळलेलं असतं म्हणून ते असं पांढरं दिसतं, कुठं भरलं आणि कुठं कमी पडलं ते कळायला. आजींना एक्स-रेमध्ये रस नव्हता, त्यांना कळण्याची भाकर कधी मिळणार ते हवं होतं.